एक्सवायझेडचा अर्ज

वाणिज्य शाखेच्या इंग्रजीच्या पेपरात एकच उमेदवार दरवर्षी हजारो नोकऱ्यांना अर्ज करतो. त्याचं नाव एक्सवायझेड. तो बी.कॉम. आहे, तेही पहिल्या वर्गात. त्याला टॅली येतं, टायपिंग येतं, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवर त्याचं प्रभुत्व आहे. एबीसी अँड कंपनीत त्यानं दोन वर्षं काम केलं आहे आणि संधी मिळाली तर तो वरिष्ठांचं संपूर्ण समाधान करणार आहे. जागा कारकुनाची असते. ती त्याला मिळते की नाही हे आजवर कोणाला कळलेलं नाही, कारण या अर्जावर गुण पडतात. मुलाखतीचं बोलावणं येत नाही.

नावामागचं कारण साधं आहे. उत्तरपत्रिकेत बैठक क्रमांक सोडून ओळख पटेल असं काहीही लिहायला मनाई असते. तेव्हा पत्राखाली सही करायची कशी? काही प्रश्नपत्रिका स्वतःच सांगतात की, एक्सवायझेड म्हणून सही करा. म्हणजे स्वतःची ओळख करून देण्यासाठी जे पत्र लिहायचं, त्यात स्वतःचं नाव तेवढं लिहायचं नाही. परीक्षेच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. पण नाव खोटं झालं की बाकीचाही माणूस हळूहळू खोटा होत जातो, आणि गाईडमधलं एकच आदर्श उत्तर कोणत्याही जाहिरातीला चालतं असं मुलांना वाटू लागतं.

मुंबई विद्यापीठाच्या एफ.वाय.बी.कॉम.ला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ या विषयात नोकरीचा अर्ज आणि त्याला जोडायचा रेझ्युमे वर्षानुवर्षं होता. इतर विद्यापीठांच्या वाणिज्य इंग्रजीतही तो या ना त्या रूपात भेटतो. प्रश्न साधारण असा असतो, आणि पुढच्या साऱ्या चर्चेला तोच धरून चालू: सोलापूरच्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याला हिशेबाच्या कामासाठी कारकून हवा आहे. उमेदवार वाणिज्य पदवीधर असावा, त्याला टॅली यावं, जीएसटीची जुजबी माहिती असावी, मराठी आणि इंग्रजी टायपिंग यावं. दहा दिवसांत वर्तमानपत्राच्या बॉक्स नंबरवर अर्ज करावा. यासाठी अर्ज लिहा.

बॉक्स नंबर म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. पूर्वी जाहिरातदाराला आपलं नाव उघड करायचं नसे. दारात उमेदवारांची रांग लागू नये, किंवा आधीच्या कारकुनाला आपली जागा जात असल्याचा सुगावा लागू नये, अशी कारणं असत. मग वर्तमानपत्राचं कार्यालय त्या जाहिरातीला एक क्रमांक देई आणि त्या क्रमांकावर आलेली पाकिटं जाहिरातदाराकडे पोचवी. अशा जाहिरातीला उत्तर देताना पत्त्यात ‘द ॲडव्हर्टायझर’, त्याखाली बॉक्स नंबर, त्याखाली केअर ऑफ करून वर्तमानपत्राचं नाव आणि शहर लिहायचं असतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्यांदा इथंच उघडं पडतं. मुलगा सवयीनं ‘द मॅनेजर, एबीसी अँड कंपनी, मुंबई’ लिहून मोकळा होतो, आणि प्रश्नात कंपनीचं नावच नव्हतं हे त्याच्या लक्षातही येत नाही. तपासनीसाच्या मात्र पहिल्याच नजरेत येतं.

पत्राचा सांगाडा ठरलेला आहे. लिहिणाऱ्याचा पत्ता, तारीख, ज्याला लिहायचं त्याचा पत्ता, विषय, मायना, मजकूर, शेवटचं संबोधन, सही आणि सोबतच्या कागदांची नोंद. यातलं काही विसरलं की थेट गुण जातात. मांडणीच्या पद्धती मात्र एकाहून जास्त आहेत आणि विद्यार्थी त्यांची खिचडी करतात. फुल ब्लॉक पद्धतीत तारखेपासून सहीपर्यंत सगळं डाव्या समासाला चिकटून येतं आणि परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकत नाही. दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सुटते. सेमी ब्लॉकमध्ये तारीख आणि सही उजवीकडे जातात, परिच्छेद आतून सुरू होतात. फुल ब्लॉक ही यंत्रावर टाइप करणाऱ्याच्या सोयीची पद्धत. प्रत्येक वेळी कागद मोजून मधूनच ओळ सुरू करायची कटकट तिच्यात नाही. हातानं लिहिणाऱ्यालाही तीच सोयीची, कारण उत्तरपत्रिकेत डावा समास आयता आखलेला असतो. अडचण होते ती तारीख डावीकडे, सही उजवीकडे आणि परिच्छेद कुठं आत तर कुठं बाहेर असं पत्र तयार झाल्यावर. अशा पत्रावर गुण कापताना कुठल्याही तपासनीसाला संकोच वाटत नाही.

मायन्यापाशी तर मराठी मुलाची फार गोची होते. त्याला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहावंसं वाटतं, कारण मनात ‘आदरणीय महोदय’ असतं. इंग्रजी व्यापारी पत्राचा रूढ मायना ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर सर ऑर मॅडम’ एवढाच आहे. त्यातल्या ‘डिअर’मध्ये लाडही नाही आणि सलगीही नाही, ते नुसतं तोरण आहे. या मायन्याची शेवटच्या संबोधनाशी जोडी ठरलेली. वर ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘युअर्स फेथफुली’, वर माणसाचं नाव घेतलं असेल तर खाली ‘युअर्स सिन्सिअरली’. बॉक्स नंबरमागचा माणूस कोण हेच ठाऊक नसल्यानं आपल्या अर्जात ‘फेथफुली’ हेच येणार. ‘युअर्स’मध्ये ‘एस’च्या आधी वरचा टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यायची नसते. ही चूक इतकी पसरली आहे की, ती नसलेलं पत्र दिसलं तर तपासणाऱ्याला हायसं वाटत असणार.

गंमत म्हणजे शाळेत मराठी अर्जाखाली आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो, ते याच ‘युअर्स फेथफुली’चं हुबेहूब भाषांतर आहे. जुन्या मराठी पत्रात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’नं सुरुवात व्हायची आणि ‘कळावे, लोभ असावा’नं शेवट. त्या पत्रातला माणूस कोणाचा विश्वासू वगैरे नव्हता. कचेरीचं पत्र इंग्रजी आमदानीत शिकलो, आणि मग मराठीतही त्याच साच्यातून लिहू लागलो. त्यामुळे मराठी अर्ज चांगला लिहिणाऱ्या मुलाला इंग्रजी अर्जाचा सांगाडा अनोळखी नसतो. अडतं ते मजकुरापाशी.

मजकुराची सुरुवात एका वाक्यात उरकायची असते: कोणत्या वर्तमानपत्रात, कोणत्या तारखेला, कोणत्या जागेची जाहिरात पाहिली आणि त्या जागेसाठी अर्ज करत आहे. गाईडमधलं वाक्य असं असतं: ‘विथ रेफरन्स टू युअर ॲडव्हर्टाइजमेंट, आय बेग टू अप्लाय फॉर द सेम.’ यातलं ‘बेग’ आता जुनं झालं, ‘विश’ म्हटलं तरी पुरतं. खरी खोट ‘द सेम’मध्ये आहे. सेम म्हणजे कोणतं? वाक्यात जागेचं नावच आलेलं नाही; आली आहे ती जाहिरात. व्याकरणानं पाहिलं तर उमेदवार जाहिरातीसाठी अर्ज करतो आहे. तारखेचंही भान लागतं. मुलं पत्रावर परीक्षेची तारीख टाकतात, ते ठीक. पण जाहिरातीची तारीख त्याच्या महिनाभर आधीची टाकली आणि प्रश्नात मुदत दहा दिवसांची असली, तर अर्ज लिहिण्याआधीच बाद झालेला असतो.

‘आय बेग टू अप्लाय’ची परंपरा मात्र मोठी आहे, आणि तिच्यातलं सगळ्यात प्रसिद्ध पत्र एका खऱ्याखुऱ्या कारकुनाच्या जागेसाठी होतं. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासमधल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणानं पोर्ट ट्रस्टच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. अर्ज जेमतेम पाच वाक्यांचा होता. तुमच्या कार्यालयात कारकुनाची जागा रिकामी असल्याचं कळलं, तिच्यासाठी अर्ज करतो, हे पहिलं. मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण पुढे नेता आलं नाही, हे दुसरं. तेव्हापासून सगळा वेळ गणिताला दिला आहे, हे तिसरं. नेमणूक झाली तर कामाला न्याय देईन असा भरवसा वाटतो, हे चौथं. म्हणून ही जागा द्यावी, ही शेवटची विनंती. खाली त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘युअर मोस्ट ओबीडिएंट सर्व्हंट’.

आजच्या गुणांच्या तक्त्यात या पत्राचं काय झालं असतं? अनुभवाचा परिच्छेद नाही, अंगच्या गुणांची जंत्री नाही. रामानुजन १९०७ मध्ये एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाले होते. गणित सोडून बाकीच्या विषयांत त्यांचं मन लागत नसे. अर्जात त्यांनी पदवी असल्याचं भासवलं नाही आणि अपयशाचं रडगाणंही गायलं नाही. एका वाक्यात अडचण सांगून ते पुढे सरकले. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती जास्त बोलकी आहे. आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, त्यांचा बर्नुली संख्यांवरचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला होता. हिशेबाच्या कारकुनाला बर्नुली संख्या लागत नाहीत. अर्जासोबत त्यांनी मिडलमस्ट या गणिताच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र जोडलं होतं. आपल्या बुद्धीबद्दल जे स्वतः सांगणं बरं दिसलं नसतं ते त्या पत्रानं सांगितलं. मार्चच्या पहिल्या तारखेला ते कामावर रुजू झाले. तिथले मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते, हे त्यांचं नशीब. ते सर्वांच्या वाट्याला येत नाही, म्हणून या पत्राची नक्कल करा असं कोणी सांगणार नाही. पण अर्जात काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा निवाडा करणारा माणूस त्यात दिसतो. एक्सवायझेडच्या अर्जात नेमका तोच दिसत नाही.

आता सोलापूरच्या अर्जाचा मधला परिच्छेद घेऊ. पत्राचा जीव इथं आहे आणि सगळ्यात जास्त भुसाही इथंच भरला जातो. आदर्श उत्तरात बहुतेक वेळा असं असतं: मी प्रामाणिक, कष्टाळू आणि वक्तशीर आहे, मला टॅलीचं आणि संगणकाचं चांगलं ज्ञान आहे, मला दोन वर्षांचा अनुभव आहे. व्याकरण बरोबर असेल तर यावर गुण मिळतातही. पण पाकीट फोडणाऱ्या व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहावं. त्याच्यापुढे पन्नास पाकिटं आहेत आणि पन्नासच्या पन्नास उमेदवार प्रामाणिक, कष्टाळू नि वक्तशीर आहेत. अप्रामाणिक माणूसही अर्जात तेच लिहिणार. तेव्हा या तीन शब्दांनी व्यापाऱ्याला काहीही कळलेलं नसतं.

त्याला नेमकं काय हवं आहे हे जाहिरातीत लिहिलेलं आहे, फक्त ते कामाच्या भाषेत उलगडावं लागतं. घाऊक कापडाच्या पेढीवर हिशेबाचा कारकून दिवसभर काय करतो? गिरण्यांकडून आणि यंत्रमागवाल्यांकडून माल येतो, त्याची बिलं टॅलीत चढवायची. चलनावरचे नग आणि बिलावरचे नग जुळतात का ते पाहायचं. किरकोळ दुकानदारांकडून धनादेश येतात, ते खात्यावर जमा झाले की परत आले हे बँकेच्या उताऱ्यावरून ताडायचं. महिन्याच्या मध्यावर जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटीआर-२बी तयार होतं. विकणाऱ्यांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली त्याची ती यादी असते. आपल्या खरेदीची बिलं त्या यादीत आहेत की नाहीत हे तपासायचं, कारण जे बिल त्यात नाही त्यावर भरलेल्या कराची वजावट अडते. मग त्या विकणाऱ्याला फोन करायचा किंवा पत्र टाइप करायचं. जाहिरातीतल्या टॅली, जीएसटी आणि टायपिंग या तीन शब्दांमागे एवढं काम आहे.

आणि इथंच एक नवल दिसतं. इंग्रजीच्या पेपरात हे उत्तर लिहिणारा विद्यार्थी दोन दिवसांनी हिशेबशास्त्राचा पेपर देणार असतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक, बँक जुळवणी पत्रक हे सगळं तो अकरावीपासून घोकत आलेला असतो. रोकड पुस्तकातली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक का जुळत नाही, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करताना हे त्याला आठवत नाही. कारण अर्ज हा इंग्रजीचा धडा आणि बँक जुळवणी हा बी.के.चा. दोन पेपरांमधली भिंत इतकी पक्की की, इंग्रजीच्या वर्गात आपल्याला काय येतं हे सांगताना तो ‘आय ॲम हार्डवर्किंग’पाशी थांबतो.

हाच परिच्छेद पुन्हा लिहून पाहता येईल, खोटा अनुभव न घालता. समजा उमेदवार नुकताच पदवीधर झाला आहे. तो लिहील: पदवीला मुख्य विषय हिशेबशास्त्र होता. टॅलीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला असून खरेदी-विक्रीची बिलं चढवणं, बँक जुळवणी आणि तेरीज काढणं ही कामं त्यात स्वतः केली आहेत. सुटीत घराजवळच्या किराणा दुकानाची महिन्याची खरेदी बिलं संगणकावर नोंदवत होतो, त्यामुळे बिलावरचा जीएसटी क्रमांक आणि कराचा दर तपासायची सवय आहे. इंग्रजी टायपिंगची ४० शब्दांची आणि मराठीची ३० शब्दांची शासकीय परीक्षा उत्तीर्ण आहे. इंग्रजीत ही चार साधी वाक्यं होतात. त्यात एकही अवघड शब्द नाही. पण व्यापारी मुलाखतीत त्यातल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवून पुढचा प्रश्न विचारू शकतो. हीच त्या परिच्छेदाची कसोटी धरावी: ज्या वाक्यावर पुढचा प्रश्न सुचत नाही, ते वाक्य बहुधा भुसा असतं.

किराण्याच्या दुकानाचं काम अर्जात लिहायला मुलं लाजतात. त्यापेक्षा त्यांना एबीसी अँड कंपनीतला कल्पित अनुभव भारदस्त वाटतो. त्या कल्पित अनुभवाचं बिंग सोबतच्या रेझ्युमेमध्ये फुटतं. जन्म २००४, दहावी २०२०, बारावी २०२२, बी.कॉम. २०२५ अशी साखळी बरोबर असते. आणि पत्रावर तारीख ऑक्टोबर २०२५ची, पण मजकुरात ‘पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव’. ही दोन वर्षं पदवी आणि पत्र यांमधल्या पाच महिन्यांत कशी बसवायची? परीक्षेत याकडे काणाडोळा होऊ शकतो. पण आकड्यांची जुळवणी करण्याच्या नोकरीसाठीच हा अर्ज आहे, हे लक्षात घेतलं तर चूक फारच केविलवाणी दिसते.

व्याकरणाच्या चुका सांगायच्या तर यादी लांब होईल. पण दोन चुका मराठी घरातून थेट येतात, आणि त्या का होतात हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. पहिली, ‘आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २०२५.’ मराठीत ‘मी २०२५ मध्ये बी.कॉम. उत्तीर्ण झालो आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. आपल्या ‘आहे’ला वर्षाचं वावडं नाही. इंग्रजीत मात्र घटनेचं ठरावीक वर्ष सांगितलं की ‘हॅव’ गळून पडतं आणि ‘आय पास्ड’ एवढंच राहतं. वर्ष सांगायचं नसेल तर ‘हॅव’ राहू शकतं. दुसरी, ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स.’ हे आपल्या ‘दोन वर्षांपासून काम करत आहे’चं शब्दाला शब्द रूप. मराठीचा ‘पासून’ वर्षालाही चालतो आणि काळाच्या मापालाही. ‘२०२३पासून’ म्हणा की ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजीनं हे दोन वेगळे केले आहेत. सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, मापाला ‘फॉर’. आणि काम अजून चालू असेल तर क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’. मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून या चुका होत नाहीत, त्याचं मराठी पक्कं आहे म्हणून होतात. दोन्ही भाषांची वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवली तर पाच मिनिटांत उमजण्यासारखी ही गोष्ट आहे. लाल फुलीनं ती उमजत नाही.

अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात ते प्रसिद्ध वाक्य येतं: नेमणूक झाल्यास वरिष्ठांचं संपूर्ण समाधान होईल असं काम करीन. इंग्रजीत ‘टू द एन्टायर सॅटिस्फॅक्शन ऑफ माय सुपीरियर्स’. हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि त्याची एक झुलती लय आहे, हे मान्य करायला हवं. आजोबांना पाठ, वडिलांना पाठ, नातवाला पाठ. परंतु सोलापूरच्या त्या पेढीवर वरिष्ठ म्हणजे मालक आणि त्याचा मेहुणा एवढेच असण्याची शक्यता आहे. त्यांना समाधानाच्या हमीपेक्षा दोन गोष्टी कळल्या तर उपयोग होतो: मुलाखतीला कधी येऊ शकतो आणि निवड झाली तर कामावर कधी हजर होईल. एका वाक्यात दोन्ही बसतात.

सहीखाली डावीकडे ‘एन्क्लोजर’ची नोंद येते. विद्यार्थी ती अर्ध्या गुणासाठी लिहितात. ती आली आहे कचेरीच्या व्यवहारातून. टपाल उघडणारा आवक कारकून पाकिटातले कागद मोजतो आणि पत्राखालच्या यादीशी ताडून पाहतो. रेझ्युमे, गुणपत्रिकेची प्रत, टायपिंगचं प्रमाणपत्र असं तिन्हीचं नाव घालून क्रमांक दिले, तर त्यातला एक कागद गहाळ झाल्याचं तिथल्या तिथं कळतं. नुसतं ‘ॲज अबव्ह’ लिहिलं आणि वर कशाचाच उल्लेख नसला तर मोजायचं काय? म्हणजे कारकुनाच्या जागेसाठी आलेला अर्ज सगळ्यांत आधी वाचतो तो दुसरा एक कारकूनच, आणि त्याच्या सोयीची ओळ विद्यार्थी सगळ्यांत घाईनं लिहितो. ईमेलच्या जमान्यात ही ओळ मेली असं वाटेल. पण ‘सोबत जोडत आहे’ म्हणून फाईल न जोडताच पाठवलेले मेल दररोज जात असतात. जोडायच्या फाईलचं नाव `resume.pdf` एवढंच ठेवलं, तर पन्नास जणांच्या त्याच नावाच्या फाईल एका फोल्डरमध्ये एकमेकींवर पडतात. तिथं स्वतःचं नाव आणि जागेचं नाव घातलं की जुन्या यादीचंच काम होतं.

हा अर्ज आता खरोखर लागतो कुठं? सरकारी कचेरीत लिपिकाची आणि बँकेत कारकुनाची जागा पत्रानं मिळत नाही. बँकांच्या कारकुनांची सामाईक भरती आयबीपीएस ही संस्था २०११ पासून करते आहे. २०२५ मध्ये तिनं कारकून हे नावही काढून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ केलं. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न असतात, सगळे पर्यायांचे. पत्र लिहायला कोणी सांगत नाही. लेखी अर्ज उरला आहे तो खाजगी पेढ्या, पतसंस्था, सी.ए.ची कार्यालयं, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी. म्हणजे सोलापूरच्या त्या कापडवाल्यासारख्यांकडे. पत्र तिथं आता बहुधा ईमेलमधून जातं. त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता खाली सरकला आहे, तारीख आपोआप पडते आणि विषयाची ओळ सगळ्यांच्या वर जाऊन बसली आहे. मधला परिच्छेद मात्र जिथल्या तिथं आहे.

हातानं लिहायचं इंग्रजी बँकेच्या कारकून भरतीत एकाच ठिकाणी उरलं आहे. ऑनलाइन अर्ज भरताना उमेदवाराला एक ठरलेलं प्रतिज्ञापत्र पांढऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून, स्कॅन करून चढवावं लागतं: अर्जात दिलेली सगळी माहिती खरी आहे आणि मागाल तेव्हा कागदपत्रं दाखवीन. मजकूर इंग्रजीतच हवा, सगळी अक्षरं कॅपिटल चालत नाहीत, दुसऱ्या कोणाच्या हातचं असेल तर अर्ज बाद. फाईल ५० ते १०० केबीच्या दरम्यान बसवावी लागते. वाक्य सुरू होतं ‘आय’नं, मग स्वल्पविराम, आणि त्यापुढे एक मोकळी जागा. तिथं एक्सवायझेड चालत नाही.